दुधाच्या रतिबावरून शिकू: महिन्यावार कोहॉर्ट टेबल काढायचं कसं आणि वाचायचं कसं

आमच्या एका मित्राचं कोल्हापुरात दुधाच्या रतिबाचं छोटंसं ॲप आहे. राजारामपुरी, शाहूपुरी, नागाळा पार्क अशा भागांत पोरं पहाटे दूध टाकतात, आणि ॲपवर गिऱ्हाईक रतीब लावतं, खाडा टाकतं, महिन्याचं बिल भरतं, एवढंच काम. जुलैच्या सुरुवातीला त्याचा फोन आला, "भावा, जूनला ११२७ घरात दूध गेलं, जानेवारीत १८० होती, लई भारी चाललंय की!" मी म्हटलं भारीच आहे, पण मला एक सांग, जानेवारीत ज्या २०० लोकांनी साइनअप केलं त्यातले आज किती जण दूध घेतात? तिकडून जरा वेळ काहीच आवाज नाही, मग म्हणाला "ते कसं बघायचं?"

ते कसं बघायचं तेच खाली लिहितोय. त्याच्या धंद्याचे खरे आकडे इथं टाकणार नाही, टेबलमधले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बनवलेत, पण जे घोळ सांगतोय ते सगळे करून बसलेलो आहोत.

आधी ठरवा "परत आला" म्हणजे काय

कोहॉर्ट म्हणजे एकाच महिन्यात साइनअप केलेल्यांची बॅच. जानेवारीची बॅच, फेब्रुवारीची बॅच, शाळेतल्या तुकडीसारखं, आणि एकदा ज्या बॅचमध्ये पडला तो कायम त्याच बॅचचा. मग प्रत्येक बॅचचे किती जण पुढच्या प्रत्येक महिन्यात परत दिसले ते मोजायचं. कल्पना एवढीच आहे, अडतं ते "दिसले" या शब्दावर.

मित्राने पहिल्यांदा ॲप उघडणाऱ्यांना ॲक्टिव्ह धरलं होतं, कारण तो आकडा तयार मिळत होता. पण रतिबाच्या धंद्यात चांगलं गिऱ्हाईक ॲप उघडतच नाही! रोज एक लिटर येतंय, बिल आपोआप कटतंय, कशाला उघडेल? उलट जो महिनाभर गावाला चाललाय तो खाडा टाकायला तीनदा उघडतो आणि आपल्या टेबलमध्ये ॲक्टिव्ह म्हणून मिरवतो. म्हणून आम्ही ठरवलं की त्या महिन्यात निदान एकदा तरी दूध प्रत्यक्ष पोचलं असेल तरच तो माणूस त्या महिन्यात आला असं धरायचं. तुमचा धंदा वेगळा असेल तर व्याख्या वेगळी येईल, पण ज्या गोष्टीचे पैसे मिळतात तिच्या जितकं जवळ राहाल तितकं बरं, आणि एकदा ठरवली की मध्येच बदलू नका, बदललीत तर सगळं टेबल मागपासून परत काढा.

टेबल काढायचं

दोन गोष्टी लागतात. एक यूजर्सचं टेबल, ज्यात साइनअपची वेळ आहे, आणि दुसरं ऑर्डर्सचं, ज्यात दूध पोचल्याची वेळ आहे. मित्राकडे पोस्टग्रेस आहे म्हणून क्वेरी त्यातली देतो:

```sql
WITH u AS (
  SELECT id AS user_id,
    date_trunc('month', created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date AS cohort
  FROM users
),
a AS (
  SELECT DISTINCT user_id,
    date_trunc('month', delivered_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date AS mon
  FROM orders
  WHERE status = 'delivered'
)
SELECT u.cohort,
  (EXTRACT(YEAR FROM a.mon) - EXTRACT(YEAR FROM u.cohort)) * 12
  + EXTRACT(MONTH FROM a.mon) - EXTRACT(MONTH FROM u.cohort) AS n,
  COUNT(*) AS users
FROM u JOIN a USING (user_id)
GROUP BY 1, 2
ORDER BY 1, 2;
```

पहिला तुकडा प्रत्येकाला त्याच्या महिन्याच्या बॅचमध्ये टाकतो. दुसरा तुकडा कोण कुठल्या महिन्यात आला एवढंच ठेवतो, आणि तिथला `DISTINCT` विसरलात तर महिन्यात तीस दिवस दूध घेणारा माणूस तीसदा मोजला जातो. शेवटी `n` म्हणजे साइनअपच्या महिन्यापासून कितवा महिना, ० म्हणजे तोच महिना, १ म्हणजे पुढचा.

बॅचमध्ये एकूण किती जण होते हे मात्र या उत्तरातून काढू नका, ते वेगळं `u` मधून मोजा. कारण `JOIN` मध्ये ज्यांनी साइनअप करून एकदाही दूध घेतलं नाही ते गळून जातात, मग खालचा आकडा लहान होतो आणि टक्केवारी उगाच छान दिसते. आणखी एक, ज्या खान्यात कुणीच परत आलं नाही ती ओळ क्वेरी देतच नाही. संपलेल्या महिन्याचा असा खाना असेल तर तिथं ० हाताने भरायचा, आणि जो महिना अजून आलाच नाही तो खाना कोरा ठेवायचा. शून्य आणि कोरा यात गल्लत झाली की पुढं सरासरी मार खाते, ते खाली येईलच.

ज्यांच्याकडे डेटाबेस नाही, शीटमध्येच सगळं आहे, त्यांनी प्रत्येक ऑर्डरच्या ओळीसमोर साइनअपची तारीख आणायची (समजा ती बी कॉलममध्ये आणि ऑर्डरची सी मध्ये), आणि कितवा महिना ते असं काढायचं:

```
=(YEAR(C2)-YEAR(B2))*12+MONTH(C2)-MONTH(B2)
```

मग पिव्हट टेबल, ओळीत बॅच, कॉलममध्ये हा आकडा, आणि व्हॅल्यूमध्ये यूजर आयडी `COUNTUNIQUE` लावून. `DATEDIF` वापरायचा मोह होतो पण तो पूर्ण झालेले महिने मोजतो, म्हणजे ३१ जानेवारीला आलेला माणूस १ मार्चला दूध घेतो तेव्हा तो १ म्हणतो, आपल्याला पाहिजे २.

पहाटे पाचच्या दुधाची भानगड

वरच्या क्वेरीत `Asia/Kolkata` दोनदा लिहिलंय ते शोभेला नाही. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी वेळ ठेवतो आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असते. १ एप्रिलला पहाटे पाचला दारात ठेवलेलं दूध डेटाबेसमध्ये ३१ मार्च रात्री साडेअकराचं असतं! दुपारी चालणाऱ्या धंद्याला हे कधी कळतही नाही, पण दुधाचा सगळा धंदाच पहाटेचा, त्यामुळं प्रत्येक महिन्याची एक तारीख आदल्या महिन्यात जाऊन बसते. रोज घेणाऱ्याला फरक पडत नाही, तो तसाही महिनाभर दिसतो. पण ज्याने ३१ मार्चला साइनअप करून १ एप्रिलपासून रतीब लावला आणि दोन दिवसांत बंद केला, तो कधी कुठल्या खान्यात पडेल सांगता येत नाही.

हा घोळ ओळखायची सोपी खूण म्हणजे `n` मध्ये -१ दिसणं. आमच्याकडे दिसला होता. टाकणारं पोरगं एक तारखेला पहाटे दारातच नवीन गिऱ्हाईकाचं साइनअप करून घ्यायचं आणि लगेच दूध द्यायचं, आणि आम्ही साइनअपची वेळ आपल्या वेळेत बदलली होती पण ऑर्डरची नाही, म्हणजे साइनअप एप्रिलचं आणि दूध मार्चचं. साइनअपच्या आधीच दूध पिऊन झालं! आणि तुमचा कॉलम टाइमझोनशिवायचा असेल आणि आत यूटीसी वेळ असेल तर वरचं एवढंच चालणार नाही, उलट्या दिशेला जाईल, तिथं असं लिहायचं:

```sql
created_at AT TIME ZONE 'UTC' AT TIME ZONE 'Asia/Kolkata'
```

आता टेबल बघू

१२ जुलैला आम्ही बसलो, म्हणून जुलै पूर्ण सोडून दिला आणि जूनपर्यंतच घेतलं. "आले" म्हणजे त्या महिन्यातले साइनअप, पुढचे आकडे त्यातले किती जणांनी त्या महिन्यात दूध घेतलं.

| बॅच | आले | ० | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|---|---|
| जानेवारी | २०० | १८० | १२० | १०० | ९२ | ६० | ८६ |
| फेब्रुवारी | २४० | २१२ | १४१ | १२० | ७९ | ११० | |
| मार्च | ३०० | २६२ | १६८ | ११२ | १४१ | | |
| एप्रिल | ४२० | ३७१ | १६८ | १९० | | | |
| मे | २६० | २१९ | १४८ | | | | |
| जून | ५०० | ४५२ | | | | | |

तेच टक्क्यांत, प्रत्येक ओळ आपापल्या "आले" ने भागून:

| बॅच | ० | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|---|
| जानेवारी | ९० | ६० | ५० | ४६ | ३० | ४३ |
| फेब्रुवारी | ८८ | ५९ | ५० | ३३ | ४६ | |
| मार्च | ८७ | ५६ | ३७ | ४७ | | |
| एप्रिल | ८८ | ४० | ४५ | | | |
| मे | ८४ | ५७ | | | | |
| जून | ९० | | | | | |

मित्राचे ११२७ कुठून आले ते पहिल्या टेबलमध्ये प्रत्येक ओळीचा शेवटचा आकडा घेऊन बेरीज करा म्हणजे दिसेल, ८६, ११०, १४१, १९०, १४८ आणि ४५२. म्हणजे ११२७ मधले ४५२ जूनमध्येच आलेले, त्यांनी टिकायचं की नाही हे अजून ठरवलंच नाही. एकूण आकडा वाढायला जुनी माणसं टिकायलाच पाहिजेत असं काही नसतं, नवीन जास्त ओतली तरी तो वाढतो.

शून्याव्या महिन्यात १०० टक्के का नाही असं त्याने लगेच विचारलं. काही जण साइनअप करून कधीच दूध घेत नाहीत, आणि काही जण ३० तारखेला साइनअप करून पुढच्या महिन्यात पहिलं दूध घेतात. यातून एक लंगडेपणा येतोच, ३१ जानेवारीला आलेला १ फेब्रुवारीला दूध घेतो आणि आपण म्हणतो पुढच्या महिन्यातही टिकला, प्रत्यक्षात दोन दिवस झालेत. हे कितपत छळतंय ते बघायचं तर बॅचचे दोन भाग करा, १ ते १० तारखेचे आणि २१ नंतरचे. उशिरा आलेल्यांचा पहिल्या महिन्याचा आकडा बराच वर दिसला तर ही लबाडी चालू आहे समजा. कॅलेंडरचा महिना सोडून साइनअपपासून तीस-तीस दिवस मोजले की हे जातं, पण मग पुढं जी गंमत सांगणार आहे ती पुसट होते, म्हणून आम्ही महिनेच ठेवले.

तिरकं वाचा

टेबल आडवं वाचलं की एका बॅचचा प्रवास कळतो. उभं वाचलं की वेगवेगळ्या बॅचेस एकाच वयात कशा होत्या ते कळतं, म्हणजे पहिल्या महिन्याच्या कॉलममध्ये ६०, ५९, ५६, ४०, ५७. मित्राचं बोट बरोबर चाळीसवर गेलं. "एप्रिलची बॅच फालतू आली, कूपनचा घोळ." एप्रिलमध्ये त्याने सात दिवस फुकट दुधाचं कूपन काढलं होतं, गुढीपाडव्याच्या नावाने, २०२५ ला पाडवा ३० मार्चला होता आणि हा गडी एप्रिलभर कूपन वाटत बसला.

पण थांबा. एप्रिलच्या बॅचचा पहिला महिना म्हणजे मे. मार्चचा दुसरा महिना पण मे, ३७. फेब्रुवारीचा तिसरा, ३३. जानेवारीचा चौथा, ३०. हे चार खाने टेबलमध्ये तिरक्या रेषेत खालून वर जातात, आणि चारही खड्ड्यात आहेत. तिरकी रेषा म्हणजे कॅलेंडरचा एकच महिना. मे मध्ये विद्यापीठाच्या आसपासची रूम करून राहणारी पोरं गावी जातात, घरची मंडळी आजोळी, सगळीकडं खाडाच खाडा. जूनची तिरकी रेषा बघा, जानेवारी ३० वरून ४३ वर, फेब्रुवारी ३३ वरून ४६ वर. माणसं सोडून गेलीच नव्हती, सुट्टीवर होती.

म्हणून जिथं खड्डा दिसेल तिथं पहिला प्रश्न हा, की फक्त एकाच ओळीत आहे का पूर्ण तिरक्या रेषेत? ओळीत असेल तर त्या बॅचच्या माणसांत काहीतरी वेगळं आहे. रेषेत असेल तर त्या महिन्यात काहीतरी घडलं, सुट्टी, पंचगंगेला पूर येऊन अर्धे रस्ते बंद, दुधाचा दर वाढवला, नाहीतर आपलंच ॲप चार दिवस बंद पडलं. आणि आकडा घसरून परत वर येऊ शकतो हे लक्षात ठेवा. आपण "त्या महिन्यात आला का" मोजतोय, "अजून सोडून गेला नाही ना" हे नाही, दोन्ही वेगळी मोजमापं आहेत आणि एकाच तक्त्यात मिसळू नयेत.

मग एप्रिलची बॅच खरंच वाईट का?

मे बाजूला ठेवून जूनला बघायचं, म्हणजे एप्रिलचा दुसरा महिना, ४५. जानेवारी आणि फेब्रुवारी त्यांच्या दुसऱ्या महिन्यात ५० वर होत्या. (मार्चचा दुसरा महिना मे मध्ये गेला, तो तुलनेला घ्यायचा नाही.) पाच टक्क्यांचा फरक, पण एवढ्या माणसांत पाच टक्के म्हणजे काय? एका बाजूला ४२०, दुसऱ्या बाजूला दोन्ही मिळून ४४०, अशा आकारात निव्वळ योगायोगानेच साधारण सात टक्क्यांपर्यंत इकडंतिकडं होऊ शकतं. म्हणजे यावरून एप्रिल वाईट म्हणता येत नाही आणि चांगली पण म्हणता येत नाही.

मग बॅच फोडली. ४२० पैकी १८० कूपनवाले, २४० बिनकूपनवाले. जूनमध्ये कूपनवाल्यांतले ६० राहिले, म्हणजे ३३ टक्के, आणि बिनकूपनवाल्यांतले १३०, म्हणजे ५४ टक्के. २१ टक्क्यांचा फरक योगायोगाने येत नाही. म्हणजे एका ओळीत दोन वेगळ्या जातीची माणसं कालवली होती, एक बॅच जुन्यांसारखीच ठीक, दुसरी पातळ. मित्र लगेच म्हणाला कूपन बंद. मी म्हटलं जरा दमानं, कूपनमुळं माणसं टिकत नाहीत असं यातून सिद्ध होत नाही, कदाचित कूपन घेणारी बरीच जण आधीपासूनच चार दिवस चाखून बघणारी असतील, जी कूपन नसतं तर आलीच नसती. एका कूपनमागं किती दूध फुकट गेलं आणि जी ६० राहिली त्यांनी किती भरलं, हा हिशोब मांडल्याशिवाय बंद करायचं का चालू ठेवायचं ते ठरत नाही.

त्यात आणखी एक निघालं. कूपन पहिल्या ऑर्डरलाच, म्हणून काही घरांत आधी दादांच्या नंबरवर रतीब होता तो बंद करून वहिनींच्या नंबरवर नवीन साइनअप! टेबलमध्ये दादा जानेवारीच्या बॅचमधून गळले आणि वहिनी एप्रिलमध्ये नवीन आल्या, घर तेच, दूध तेच. पत्ता जुळवून बघितला तेव्हा कळलं. रतिबाला माणूस नाही तर घर मोजलेलं बरं, हे तिथं डोक्यात आलं.

सरासरी काढताना हात जपून

सगळ्यांचा मिळून पहिल्या महिन्याचा एकच आकडा सांग असं कुणीतरी म्हणतंच. पहिल्या महिन्यात आलेले १२०, १४१, १६८, १६८, १४८, बेरीज ७४५. भागायचं कशाने? ज्या बॅचेसचा पहिला महिना पूर्ण होऊन गेलाय त्यांनीच, म्हणजे जानेवारी ते मे, १४२०. उत्तर ५२.५ टक्के. मित्राच्या शीटमध्ये ३८.८ येत होतं, कारण तिथं जूनचे ५०० पण खाली धरले होते, ज्यांचा पहिला महिना अजून संपायचाय. कोऱ्या खान्याला शून्य समजलं की हे होतं, आणि यातली गंमत म्हणजे जितकी नवीन माणसं जास्त येतील तितका हा आकडा पडतो, म्हणजे धंदा चांगला चालला की टेबल रडायला लागतं. नुसती टक्क्यांची सरासरी काढली तर ५४.३ येते, ती पण फसवी, त्यात २०० ची बॅच आणि ४२० ची बॅच एकाच वजनाने बसते.

चालू महिना घेतला तरी असाच घोळ. १२ जुलैला जुलैचे खाने काढले असते तर जूनची बॅच पहिल्या महिन्यात कमीच दिसली असती, जे लोक २० तारखेला गावावरून येऊन रतीब चालू करणार आहेत ते अजून आलेच नाहीत. महिना पूर्ण झाल्याशिवाय त्याचे खाने दाखवूच नका, फिक्या रंगात पण नको, लोक वाचतातच.

जुनं टेबल जपून ठेवा

संपलेल्या महिन्याचे खाने परत कधी बदलायला नाही पाहिजेत. जानेवारीत २०० आले ते डिसेंबरला बघितलं तरी २०० च. दर महिन्याला टेबलची कॉपी ठेवायची आणि नवीन काढलं की जुन्याशी ताडून बघायचं. आमच्याकडे एकदा जानेवारीचे २०० चे १८८ झाले. शोधलं तर अकाउंट डिलीट केलेल्यांची ओळच यूजर्सच्या टेबलमधून उडत होती, म्हणजे जे सगळ्यात नाराज होऊन गेले तेच हिशोबातून गायब. ८६ ला २०० ने भागलं की ४३ टक्के, १८८ ने भागलं की ४६, एक लिटर जास्त न विकता तीन टक्के वाढले! आता डिलीट केल्यावर नाव नंबर पुसतो, पण आयडी आणि साइनअपचा महिना ठेवतो.

जुलै संपला की आम्ही एप्रिलचे दोन तुकडे परत काढणार आहोत, पत्त्यावरून घरं एकत्र करून. कूपनवाल्यांचे ३३ तिथंच थांबले तर गळायचे ते गळून झाले असं धरून ६० घरांच्या पैशांचा हिशोब मांडता येईल. अजून खाली गेले तर आणखी एक महिना थांबावं लागेल, आणि त्यात पावसाने रस्ते बंद झाले तर जुलैची पूर्ण तिरकी रेषाच बघून मग बोलावं लागेल.